उभे सौदे : एका हळद हंगामाची वही

आमची दोन-सव्वादोन एकर राजापुरी हळद. त्या वर्षी शिजवून, वाळवून, पॉलिश करून साठ क्विंटल माल निघाला. सांगलीच्या मार्केट यार्डात मार्च-एप्रिलला आवक तुंबलेली असते, तेव्हा विकायची नाही असं अण्णांनी म्हणजे वडिलांनी ठरवलं होतं. माल कोल्ड स्टोरेजला ठेवला, पावती घरात ठेवली आणि रोज सकाळी एकच प्रश्न सुरू झाला : आज विकायची की थांबायचं?

आदल्या वर्षी आम्ही हाच प्रश्न नुसत्या भावावर सोडवला होता. वायद्यात, म्हणजे पुढच्या ठरावीक महिन्यात माल द्यायचा-घ्यायचा सौदा आजच ठरवलेल्या भावाने होतो त्या बाजारात, चार दिवस भाव चढला, तेजी सुरू झाली असं समजून आम्ही थांबलो आणि पंधरा दिवसांत भाव होता त्याच्याही खाली गेला. भाव चढलेला खरा होता. पण तो कुणाच्या पैशाने चढला, हे आम्ही पाहिलंच नव्हतं. या वर्षी मी वायद्याच्या भावाशेजारी ओपन इंटरेस्ट, थोडक्यात ओआय, लिहायला सुरुवात केली. एप्रिल ते ऑगस्ट एक वही भरली. त्या वहीतून मला जे कळलं ते इथे लिहितो आहे. आकडे गोल केलेत, म्हणजे वाचताना बेरीज डोक्यात होईल.

ओपन इंटरेस्ट म्हणजे काय ते मला आमच्या अडत दुकानातल्या दिवाणजी काकांनी शिकवलं. दुपारी सौदे उरकल्यावर त्यांनी वजनाच्या तीन कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या.

"समजा तू तेजीवाला. तू माझ्याकडनं एक लॉट घेतलास, मी इकला. आधी काय न्हवतं, आता एक सौदा उभा राहिला. ओआय किती?"

"दोन. एक माझा, एक तुमचा."

"न्हाई. एक. घेणारा अन् इकणारा मिळून एक सौदा. ते दोनदा मोजायचं न्हाई."

मग त्यांनी हमालांच्या मुकादमाला मध्ये घेतलं. माझा लॉट मी त्याला विकला. मी मोकळा झालो, माझ्या जागी तो आला. उभा सौदा एकच राहिला, फक्त माणूस बदलला. शेवटी मुकादमाने तो लॉट परत दिवाणजी काकांनाच विकला. त्यांचं देणं फिटलं, मुकादमाचं येणं फिटलं. उभा सौदा शून्य.

"आता बघ. उलाढाल झाली तीन लॉटची. उभं काय राहिलं? कायबी न्हाई. लोक उलाढाल बघून म्हणत्यात, लई पैसा आला. पैसा आला का गेला ते ह्या उभ्या सौद्यावर कळतंय."

ओआय वाढला तर नवा घेणारा आणि नवा विकणारा दोघंही बाजारात आले. ओआय तेवढाच राहिला तर जुन्याने आपली जागा नव्याला दिली. ओआय घटला तर जुना घेणारा आणि जुना विकणारा दोघंही निघून गेले. आमचे आजोबा हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायचे. पेव बंद असताना वरून काहीच कळत नसे, आत किती माल आहे हे उघडल्यावरच दिसायचं. वायद्यात मात्र आत किती सौदे उभे आहेत हा आकडा बाजार रोज संध्याकाळी स्वतः जाहीर करतो. तो फुकट मिळतो आणि आम्ही वर्षभर तो बघितला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाच्या भाषेत सांगतो. एनसीडीइएक्स या वायदे बाजारात हळदीचा एक लॉट पाच टनांचा, म्हणजे पन्नास क्विंटलचा. भाव क्विंटलला सांगतात. १४,५०० भाव असेल तर एका लॉटची किंमत ७,२५,००० रुपये. मार्जिन म्हणजे सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत; ते बदलत असतं, पण बारा टक्के धरलं तर ८७,००० रुपये. हे घेणाऱ्यालाही भरावे लागतात आणि विकणाऱ्यालाही. म्हणजे एक नवा सौदा उभा राहिला की दोन्हीकडून मिळून १,७४,००० रुपये बाजारात येऊन बसतात, आणि सौदा कापला की तेवढे मोकळे होतात. नवा पैसा म्हणतात तो हाच.

आता भाव आणि ओआय एकत्र वाचायचे. भाव वर, ओआय वर : नवे सौदे होताहेत आणि घाई घेणाऱ्याला आहे, कारण तो चढा भाव देऊन घेतो आहे. याला लाँग बिल्डअप म्हणतात. भाव खाली, ओआय वर : सौदे नवेच आहेत, पण घाई विकणाऱ्याला आहे. हा शॉर्ट बिल्डअप. भाव वर आणि ओआय खाली असेल तर आधी विकून बसलेले मंदीवाले घाबरून परत घेताहेत आणि निघून जाताहेत. हे शॉर्ट कव्हरिंग. भाव खाली आणि ओआयही खाली, तर जुने तेजीवाले कंटाळून किंवा तोटा सोसून माल सोडताहेत. त्याला लाँग अनवाइंडिंग म्हणतात.

इथे मी सुरुवातीला एक चूक करत होतो. लाँग बिल्डअप म्हणजे घेणारे जास्त झाले, असं मी समजत होतो. घेतलेले आणि विकलेले लॉट कधीच कमी-जास्त होत नाहीत, प्रत्येक सौद्याला दोन्ही बाजू असतातच. भाव फक्त एवढंच सांगतो की दोघांपैकी समोरच्याच्या भावाला कोण तयार झालं. दिवाणजी काका म्हणाले, "आपल्या सौद्यात बी तसंच असतंय. ढीग एकच, घेणारा एक, इकणारा एक. पर बोली कोण वाढवतोय, त्याच्यावर दर ठरतोय."

आता वही.

मे महिन्यात ऑगस्टचा वायदा १५,२०० वरून १३,९०० पर्यंत उतरला. सगळ्या महिन्यांचे वायदे मिळून ओआय १२,००० टनांवरून १५,००० टनांवर गेला. तीन हजार टन, म्हणजे सहाशे नवे लॉट. भाव खाली, ओआय वर. घरात काळजी पसरली. कुणी मोठा व्यापारी विकतोय, अजून तुटणार, असं चुलतभाऊ म्हणाला.

पण या विकणाऱ्यांत सगळे मंदीवर पैसे लावणारे नसतात. गोदामात शेकडो टन हळद पडलेली असते ते स्टॉकिस्ट भाव पडण्याच्या धास्तीने वायद्यात विकून ठेवतात. त्यांचा वायद्यात तोटा झाला तर गोदामातल्या मालाच्या किमतीत तेवढी भर पडते, म्हणून ते सहसा घाबरून पळत नाहीत. नुसता सट्ट्यासाठी विकणारा मात्र भाव दोन-चार टक्के उलटा गेला की मार्जिन भरून भरून जेरीस येतो. ओआयच्या आकड्यात हे दोघे वेगळे दिसत नाहीत. आवकीच्या हंगामातला शॉर्ट बिल्डअप मी म्हणूनच अर्ध्या वजनाने वाचतो. त्या सहाशे लॉटमध्ये किती पक्के आणि किती पळणारे आहेत, हे भाव उलटल्यावरच कळणार होतं.

तो जूनमध्ये उलटला. ५ जून ते १२ जून या दिवसांत ऑगस्टचा वायदा १३,९०० वरून १४,७०० वर आला. आठशे रुपये. आमच्या साठ क्विंटलला अठ्ठेचाळीस हजारांचा फरक. अण्णांचं मत लगेच थांबण्याकडे झुकलं. चुलतभावाने मोबाइलवर ऑगस्टच्या वायद्याचं पान उघडलं आणि दाखवलं : भाव वाढलाय, ओआयही ६,००० टनांवरून ८,४०० टनांवर गेलाय. "दादा, तूच सांगितलंस न्हवं, भाव वर, ओआय वर, म्हंजे नवा पैसा?"

तो चुकीचं वाचत नव्हता, तो एकच पान वाचत होता. मी त्याला जूनच्या वायद्याचं पान उघडायला लावलं. जूनचा ओआय ८,००० टनांवरून ४,५०० टनांवर आला होता. हळदीच्या वायद्याची मुदत महिन्याच्या २० तारखेला संपते. त्याआधीच डिलिव्हरीचे दिवस सुरू होतात, मार्जिन वाढतं आणि ज्याला प्रत्यक्ष माल द्यायचा किंवा घ्यायचा नाही तो जूनमधून निघून ऑगस्टमध्ये जाऊन बसतो. यालाच रोलओव्हर म्हणतात. ऑगस्टमध्ये दिसणारे २,४०० टन बहुतेक असे घर बदललेले जुनेच लोक होते.

मग सगळे महिने मिळवले. आधी जून ८,०००, ऑगस्ट ६,०००, ऑक्टोबर १,००० : एकूण १५,०००. नंतर जून ४,५००, ऑगस्ट ८,४००, ऑक्टोबर ७०० : एकूण १३,६००. बेरीज १,४०० टनांनी घटली होती. भाव वर, ओआय खाली. दोनशे ऐंशी लॉट बंद झाले होते आणि दोन्ही बाजूंचं मिळून पाच कोटींच्या जवळपास मार्जिन बाजारातून परत गेलं होतं. भाव आठशेने चढला तो पैसा आत येऊन नाही, पैसा बाहेर जाताना.

एकच पान वाचणाऱ्याला जे लाँग बिल्डअप दिसतं ते सगळी पानं मिळवल्यावर शॉर्ट कव्हरिंग निघतं, हे माझ्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे. उलटंही होतं. फक्त जून बघणाऱ्याला वाटलं असतं की ३,५०० टनांचे मंदीवाले पळाले. तेही अतिशयोक्त होतं. बेरजेतूनही मला फक्त निव्वळ फरक कळतो. त्या आठवड्यात नवे घेणारे अजिबात आले नाहीत असं मी म्हणू शकत नाही. आले त्यापेक्षा गेले ते जास्त, एवढंच म्हणू शकतो.

शॉर्ट कव्हरिंगने चढलेला भाव खोटा नसतो. त्या भावाने विकलेल्या मालाचे पैसे खरेच मिळतात. पण त्याच्यामागे उरलेलं बळ मोजता येण्यासारखं असतं : विकून बसलेले जितके पळणार तितकंच. ते पळून संपले की घाईने घेणारा कुणी उरत नाही. मेमध्ये उभे राहिलेले सहाशे लॉट आणि आता बंद झालेले दोनशे ऐंशी लॉट मी शेजारी लिहिले. सहाशेतले काही स्टॉकिस्टांचे, ते हलणार नव्हते. म्हणजे पळणारे बरेचसे पळून झाले होते, असा माझा अंदाज.

तरी नुसत्या वहीवर साठ क्विंटल हळद विकायचा धीर झाला नाही, म्हणून मी यार्डात गेलो. वायद्याचा आधारभाव निजामाबादचा, आमची राजापुरी वेगळी, त्यामुळे दोन्ही भाव रुपयाला रुपया जुळत नाहीत. पण चाल जुळायला हवी. त्या आठवड्यात वायदा आठशेने वाढला असताना सौद्यात राजापुरीचा ढीग दोन-अडीचशेनेच वाढून जात होता. मसाला कारखान्यांचे खरेदीदार नेहमीच्याच हाताने घेत होते. दिवाणजी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "माल मागणारं गिऱ्हाईक वाढलं असतं तर मला आधी कळलं असतं. फोन आलं असतं." मालाला नवी मागणी नव्हती आणि वायद्यात नवा पैसा नव्हता. मग अण्णांशी बोलून तीस क्विंटल त्याच आठवड्यात सौद्याला लावले. सगळा नाही, निम्मा. अण्णांना वहीपेक्षा दिवाणजी काकांचं ते फोनचं वाक्य जास्त पटलं, आणि त्यांचं चूक होतं असं मला वाटत नाही.

२० जूनच्या आसपासचे काही दिवस मी बेरीज वाचलीच नाही. मुदत संपताना जूनचे उरलेले सौदे डिलिव्हरीने किंवा हिशोबाने बंद होतात, एकूण ओआय धाडकन खाली येतो आणि त्यात तेजी-मंदीचा काही अर्थ नसतो. ज्याला हे माहीत नाही तो दर मुदतीला लाँग अनवाइंडिंग किंवा शॉर्ट कव्हरिंग शोधत बसतो. २१ तारखेनंतर मी ऑगस्ट आणि पुढच्या महिन्यांची नवी बेरीज धरली : १०,८०० टन. भावाचंही तसंच. सलग चार्टवर जूनच्या जागी ऑगस्ट आला की दोन महिन्यांतल्या फरकाची उडी दिसते आणि ती भाववाढ वाटते. म्हणून ज्या महिन्याचा भाव धरला त्याच महिन्याचा कालचा बंद भाव बघायचा.

आणखी एक बारीक गोष्ट. ओआय कुठे टनांत दाखवतात, कुठे लॉटमध्ये. पहिल्या आठवड्यात मी दोन वेगळ्या पानांवरून आकडे घेतले आणि एका रात्रीत पाचपट फरक दिसला. तेव्हापासून एकाच जागेवरचा, बाजार बंद झाल्यावरच्या भावपत्रकातलाच आकडा लिहितो. दिवसभरात हलणारा आकडा घेत नाही.

जूनअखेर भाव १४,५०० वरून १३,८०० वर आला आणि बेरीज १०,१०० टनांवर. दोन्ही खाली. जे तेजीवाले १४,५०० च्या वर घेऊन बसले होते ते सोडून जात होते. मला हे मेच्या पडझडीपेक्षा कमी भीतीचं वाटलं. मेमध्ये नवे विकणारे जोराने आत येत होते. इथे कुणी नवं विकायला येत नव्हतं, जुनेच हात झटकत होते. तीस क्विंटल तसेच ठेवले.

जुलैत मात्र वहीत पहिल्यांदा मला हवी होती ती ओळ लिहिता आली. आठ दिवसांच्या सौद्यांत ऑगस्ट १३,८०० वरून १४,६०० आणि बेरीज १०,१०० वरून १२,२००. चारशेवीस नवे लॉट. जूनमध्येही आठशेच वाढले होते, पण यावेळी ऑगस्ट आणि ऑक्टोबर दोन्हींचा ओआय वाढत होता, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणं नव्हतं. पाऊस लांबला होता, लागवड मागे पडल्याच्या बातम्या होत्या आणि यार्डात राजापुरीही सहाशेच्या पुढे वाढून गेली. दिवाणजी काकांचा फोन वाजत होता. जुलैअखेर वीस क्विंटल विकले, जूनपेक्षा चांगल्या भावाने.

दहा क्विंटल आणखी चढेल म्हणून ठेवले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑक्टोबरचा वायदा तीन दिवसांत १५,००० वरून १५,५०० वर गेला आणि बेरीज ९०० टनांनी वाढली. भाव आणि ओआयच्या चार जोड्यांत हा लाँग बिल्डअपच. पुढच्या दोन दिवसांत पाऊस पडला आणि भाव १४,८०० वर आला. मी बेरीज बघितली तर ती फक्त १०० टनांनी घटली होती. म्हणजे वर घेणारे नवे लोक अजून आतच होते, तोट्यात, सोडायला तयार नसलेले. जे नऊशे टन तीन दिवसांपूर्वी तेजीचं बळ होते तेच आता विकायला थांबलेले झाले होते. नवा पैसा आला एवढं ओआयने बरोबर सांगितलं होतं. तो पैसा बरोबर ठिकाणी आला की नाही, ते ओआय सांगत नाही.

हे त्याच संध्याकाळी वहीत लिहिलं आणि अण्णांना दाखवलं. उद्या विकू म्हणता म्हणता शेतातल्या पावसाच्या कामात पाच दिवस गेले. तेवढ्यात वायदा १४,२०० झाला आणि बेरीज आणखी ८०० टनांनी घटली, अडकलेले निघून गेले. शेवटचे दहा क्विंटल जुलैअखेरच्या भावापेक्षा सातशे रुपये कमीने गेले. वहीच्या त्या पानावर दोन तारखा आहेत, एक कळल्याची आणि एक विकल्याची.